दुसऱ्या कुणाला लागू न पडणारी श्रद्धांजली

शिक्षक गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले श्रद्धांजलीचे चार-पाच मजकूर ओळीने वाचले, तर एक गोष्ट लगेच जाणवते. सगळे गुरुजी ज्ञानाचे सागर असतात, सगळे शिस्तप्रिय पण मनाने मायाळू असतात, सगळ्यांनी हजारो विद्यार्थी घडवलेले असतात आणि सगळ्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झालेली असते. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण ते ज्या माणसासाठी आहे तो माणूस मजकुरात सापडत नाही. आचऱ्याच्या शाळेतल्या बाईंवर लिहिलेला मजकूर देवबागच्या गुरुजींच्या नावावर सहज चालून जातो. म्हणून पहिला मसुदा लिहून झाला की त्यातलं नाव झाकावं आणि तो आपल्या माहितीतल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला लावून पाहावा. जी वाक्यं त्यांनाही तितकीच शोभतात, ती आपल्या गुरुजींबद्दल काही सांगत नाहीत. श्रद्धांजलीचं भारदस्तपण मोठ्या शब्दांतून येत नाही, नेमक्या आणि खऱ्या तपशिलातून येतं, असं माझं म्हणणं आहे. मसुदा पुन्हा लिहायचा म्हणजे मुख्यतः विशेषणं काढून त्यांच्या जागी असे तपशील शोधून ठेवायचे.

याचा दाखला सिंधुदुर्गातच आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांना दरवर्षी ६ जानेवारीला अभिवादन केलं जातं, कारण १८३२ साली त्या दिवशी त्यांचं ‘दर्पण’ निघालं. आद्य पत्रकार, द्रष्टे, समाजसुधारक, प्रकांड पंडित ही विशेषणं त्या दिवशी सगळीकडे ऐकू येतात आणि ती चुकीचीही नाहीत. तरी ती ऐकून माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. हा माणूस पेशाने शिक्षक होता, हेसुद्धा त्या गर्दीत मागे पडतं. त्याऐवजी असं सांगितलं तर पाहा : ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि दादाभाई नौरोजी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. ‘दर्पण’च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून ते १८४३ च्या सुमारास उभे राहिले आणि त्यासाठी आपल्याच लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून काढली आणि पुढच्याच वर्षी, पस्तिशीच्या आसपास, ते गेले. या वाक्यांत एकही विशेषण नाही. तरी ‘समाजसुधारक’ या शब्दाने जे कळलं नव्हतं ते एका मुलाच्या प्रकरणातून कळतं, आणि आदर कमी न होता वाढतो. दुसराही धडा इथेच आहे. जांभेकरांचं जन्मसाल कुठे १८१० दिलेलं सापडतं, कुठे १८१२. इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे होतं, तर गावच्या शाळेतल्या गुरुजींची साल-तारीख आठवणीवर सोडून चालणार नाही.

आता एक मसुदा घेऊ. तो आणि त्यातले गुरुजी या लेखासाठी रचलेले आहेत, पण मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात असा मजकूर लिहिला जातो : ‘आमचे परमपूज्य गुरुवर्य, ज्ञानाचा अथांग सागर, शिस्तप्रिय पण मायाळू, विद्यार्थ्यांचे आधारवड आज आपल्यातून निघून गेले. गणितासारखा रुक्ष विषय त्यांनी सोपा करून शिकवला. गरीब विद्यार्थ्यांना त्यांनी सदैव मदतीचा हात दिला. त्यांच्यामुळेच मी आज मुंबईत चांगल्या पदावर पोचलो. त्यांनी हजारो विद्यार्थी घडवले. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.’ सात वाक्यं आहेत. नाव झाकून पाहिलं तर एकही वाक्य या गुरुजींचं स्वतःचं नाही. मात्र मसुदा फेकून द्यायचा नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या आठवणीचं झाकण आहे. लिहिणाऱ्याला काहीतरी आठवलं, ते त्याने एका शब्दात गुंडाळलं आणि आठवण आतच राहिली. पुन्हा लिहायला बसताना प्रत्येक विशेषणाला एकच प्रश्न विचारायचा : हे तुला कशावरून वाटलं?

‘गणित सोपं करून शिकवलं’ हे वाक्य घ्या. सोपं म्हणजे कसं? इथे लिहिणारा थोडा थांबला की त्याला आठवतं, गुरुजी पाऊणकी तिथीवर शिकवत. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता ते येतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब अदमासाचाच, पण चौथीच्या मुलाला पाऊणपट म्हणजे काय ते कायमचं समजायला पुरतो, आणि तो खरा की खोटा हे मुलगा स्वतः किनाऱ्यावर जाऊन पाहू शकतो. ही आठवण सापडली की ‘रुक्ष विषय’ आणि ‘सोपा करून’ हे दोन्ही शब्द आपोआप गळून पडतात. मुख्य म्हणजे, हे वाक्य आता घाटावरच्या कुठल्याही शिक्षकाला लावता येत नाही. ‘शिस्तप्रिय पण मायाळू’ या जोडीचंही तसंच. श्रद्धांजलीत ती इतकी घासलेली आहे की त्यातला ‘पण’ कुणी वाचतच नाही. शिस्त कुठे दिसली आणि माया कुठे, हे एकाच प्रसंगात सापडलं तर उत्तम. समजा, घंटा झाली की गुरुजी वर्गाचं दार लावून घेत. पण तरीने खाडी ओलांडून येणारी मुलं ओहोटीला अडकत, म्हणून त्या दिवसांत दार दहा मिनिटं उघडं राही. एका दारात दोन्ही गुण आले आणि दोन्हींची नावंही घ्यावी लागली नाहीत.

‘गरीब विद्यार्थ्यांना मदतीचा हात’ हे वाक्य जपून हाताळावं लागतं, आणि नेमकेपणाची मर्यादा इथे कळते. नेमकं लिहायचं म्हणून कुणाची फी भरली, कुणाच्या घरी तांदूळ पोचवले, हे नावानिशी लिहिलं तर गुरुजींचं कौतुक होतं आणि एक माणूस गावासमोर उघडा पडतो. तो आज पन्नाशीचा असेल, त्याची मुलं तो मजकूर वाचतील. गुरुजींनी जे गुपचूप केलं ते त्यांच्या पश्चात जाहीर करायचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. ज्याला मदत झाली त्याने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. अशा वेळी तपशील देणाऱ्याच्या बाजूचा घ्यावा, घेणाऱ्याच्या बाजूचा नको. गुरुजींच्या कपाटात गेल्या वर्षीची पुस्तकं पुठ्ठे घालून ठेवलेली असत आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की ज्याला हवीत त्याने न विचारता ती घ्यावीत असा नियम होता, एवढं लिहिलं की पुरे. वाचणाऱ्याला मदत कळते, पद्धत कळते, आणि कुणाची मान खाली जात नाही. ‘त्यांच्यामुळेच मी’ या वाक्याला मात्र जागा देऊ नये. कृतज्ञता म्हणून ते लिहिलं जातं हे मान्य, तरी त्या वाक्यात लक्ष गुरुजींवरून लिहिणाऱ्याच्या पदाकडे जातं. ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ मसुद्यात किती वेळा आलं ते मोजून पाहावं. लहान मजकुरात ते दोन-तीनपेक्षा जास्त झालं असेल तर वाक्यं वळवावीत, म्हणजे त्यांचा कर्ता गुरुजी होतील. ‘हजारो विद्यार्थी’ हा आकडा कुणी मोजलेला नसतो. त्याऐवजी कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या शाळेत, हे दिलं तर हिशेब वाचणारा स्वतः करतो.

हे सगळं करून, साल आणि शाळा यांची ओळ सोडता, मजकूर साधारण असा होतो : ‘गुरुजींचं मंगळवारी पहाटे त्यांच्या राहत्या घरी निधन झालं. चौथीत गणित त्यांच्याकडे होतं. पाऊणकी ते नुसती पाठ करून घेत नसत. आज तिथी कोणती असं विचारत आणि तिची पाऊणपट काढायला सांगत. मग म्हणत, आता घरी जाऊन बघा, भरती त्याच सुमाराला येते का. रापणीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलांना उत्तर आधीच माहीत असे आणि त्या दिवशी गुरुजी त्यांनाच पुढे बसवत. हिशेब चुकला तर पाटी पुसू देत नसत. “चुकला तरी चलात, पण खय चुकला ता दाखव,” असं म्हणत. घंटेनंतर वर्गाचं दार बंद होई. खाडीपलीकडच्या मुलांसाठी ओहोटीच्या दिवसांत मात्र ते दहा मिनिटं उघडं राही. त्यांच्या कपाटात गेल्या वर्षीची पुस्तकं पुठ्ठे घालून ठेवलेली असत. हवी त्याने न्यावीत, विचारायचं नाही, असा नियम होता. निवृत्तीनंतरही जूनच्या पहिल्या आठवड्यात ते ते कपाट लावायला शाळेत येत. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना तिथी कळली की अजून भरतीची वेळ सांगता येते.’ यात दुःख हा शब्द नाही, थोर हा शब्द नाही. रापणकरांच्या मुलांना पुढे बसवणारा माणूस थोर होता हे वाचणारा स्वतःच ठरवतो, आणि जे आपण स्वतः ठरवलं त्यावर माणसाचा विश्वास बसतो.

असे तपशील आठवायचे कसे, असं विचारलं जाईल. ‘गुरुजी कसे होते?’ असं स्वतःला विचारलं की विशेषणंच हाती लागतात. त्यांच्या हातात काय असे, ते कुठे उभे राहत, कुठलं वाक्य वरचेवर बोलत, कशाने चिडत, सुट्टीच्या दिवशी कुठे दिसत, असं विचारलं की गोष्टी येऊ लागतात. मुंबईला गेलेल्या विद्यार्थ्याकडे शाळेतली सात वर्षं असतात. गावात राहिलेल्या वर्गमित्राने गुरुजींची निवृत्तीनंतरची वीस-पंचवीस वर्षंही पाहिलेली असतात, म्हणून त्याला फोन केल्याशिवाय मसुदा पुरा धरू नये. कपाट लावायला येणारे गुरुजी त्या फोनवरच सापडतात. हाच फोन पडताळणीलाही लागतो. लहानपणच्या आठवणीत दोन शिक्षक एक होतात, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. एखादा प्रसंग निदान आणखी एका वर्गमित्राला स्वतःहून आठवला, आपण सुचवल्यावर नव्हे, तर तो लिहावा.

साल-ठिकाणांच्या चुका तर ठरलेल्या जागी होतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्यामुळे १९७६ साली गुरुजींना ‘सिंधुदुर्ग जिल्ह्याचा’ पुरस्कार मिळू शकत नाही. तो रत्नागिरी जिल्ह्याचा असणार. राज्यातली दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ साली झाली, त्याआधी एसएससी अकरावीला असे. मग ‘१९७० च्या दहावीच्या बॅचचे लाडके’ असं लिहिलेलं वाचून त्याच बॅचचा माणूस बाकी मजकुरावरही शंका घेतो. गुरुजी १९८५ साली कुडाळ स्टेशनवर पोचवायला आले, असं कुणी सांगितलं तर तो एसटी स्टँड असणार, कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. या चुका क्षुल्लक वाटतात, पण घरच्यांच्या त्या नजरेत येतात आणि न बोलता मनात राहतात. रुजू झाल्याचं आणि निवृत्तीचं साल शाळेच्या दप्तरातून घ्यावं, निधनाची तारीख घरच्यांकडून.

मालवणीचा प्रश्न इथे वेगळा विचार मागतो. गुरुजी वर्गात पुस्तकातली भाषा बोलत आणि रागावले किंवा मायेत आले की मालवणीत येत, हे इथल्या अनेक शिक्षकांबद्दल खरं आहे. ते वाक्य मालवणीतच लिहावं की प्रमाण मराठीत? काहींना वाटतं, शोकाच्या मजकुरात मालवणी आली की वाचणारा हसेल. ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आणि मच्छिंद्र कांबळींचा अभिनय यांनी मालवणी महाराष्ट्रभर पोचवली, पण बाहेरच्या कानांना ती विनोदाची भाषा म्हणूनच ओळखीची झाली. तरीही गुरुजींचं वाक्य प्रमाण भाषेत घातलं की ते गुरुजींचं राहत नाही. मार्ग असा की मालवणी वाक्य एकच घ्यावं, ते शिकवण्याबद्दलचं असावं, आणि त्याच्या मागेपुढे हशा पिकवणारं काही नसावं. टोमणा, शिवी, कुणाच्या घराण्यावरून केलेली मस्करी हे सभेत बसलेल्यांना कितीही आठवत असलं, तरी ते चहाच्या वेळी बोलायचं, कागदावर आणायचं नाही. मुलांनी ठेवलेलं टोपणनावही तसंच. गुरुजींना ते ठाऊक असून स्वतः चालवून घेत असतील तरच त्याचा विचार करावा.

आणि छडी. जुन्या शिक्षकांबद्दल लिहिताना ‘त्यांच्या छडीनेच आम्ही घडलो’ हे वाक्य हमखास येतं. शाळेत मुलाला मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केलं आहे, आणि त्याच वर्गात असा एखादा असतो की ज्याला त्या छडीमुळे शाळा सोडाविशी वाटली होती. तो सभेत मागे उभा असेल. त्याच्या देखत छडीचा गौरव करू नये. उलट मृत माणसाचा हिशेब मांडायची ही जागा नाही, हेही तितकंच खरं. लोक म्हणतील, मग हे लपवणं झालं नाही का? लपवणं म्हणजे खोटं सांगणं. गुरुजी मारकुटे असताना त्यांना ‘कधी आवाजही न चढवणारे’ म्हटलं तर ते खोटं होईल. ‘गुरुजी कडक होते, काहींना त्यांची भीती वाटे’ असं एक साधं वाक्य लिहून पुढे गेलं तर खोटं बोलणं होत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही. असं वाक्य असलेल्या मजकुरातली स्तुती जास्त पटते, कारण लिहिणाऱ्याने सगळंच गोड लिहिलेलं नाही हे दिसतं.

यावर मोठा आक्षेप येतो तो असा : इतके बारीकसारीक तपशील दिले की थोर माणूस लहान दिसतो, कपाट, दार, पाटी यांत गुरुजींचं मोठेपण कुठे आलं? हा आक्षेप मनापासून घेणाऱ्यांना मी पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या चितळे मास्तरांची आठवण देईन. तिथे मास्तरांना कुणी महर्षी म्हणत नाही. त्यांचं बोलणं आहे, घरी बोलावून शिकवणं आहे, वहाणा आहेत. मराठी वाचकाला मास्तर म्हटलं की अजून तेच आठवतात, एवढा तो माणूस मोठा झाला. तपशील माणसाला लहान करतो तो दोनच वेळा : तपशील त्याच्या कामाचा नसून शरीराचा किंवा सवयींचा असेल तेव्हा, आणि आजारपणाचा असेल तेव्हा. शेवटचे महिने, दवाखाना, नळ्या, ओळख हरवणं हे घरच्यांचं आहे. विद्यार्थ्याने ते लिहू नये, त्याने ते जवळून पाहिलं असलं तरीही.

दुसरा आक्षेप वेळेचा. माणूस गेला त्याच दिवशी एवढी शोधाशोध कोण करणार? खरं आहे, म्हणून दोन मजकूर वेगळे धरावेत. पहिल्या दिवशी फक्त बातमी : कोण, कधी, अंत्यसंस्कार कुठे आणि किती वाजता. त्यात आठवणी नकोत. आठवणींचा मजकूर शोकसभेसाठी किंवा बारा-तेरा दिवसांच्या आत लिहिला तरी कुणी उशीर झाला म्हणत नाही, आणि तेवढ्या दिवसांत तीन-चार फोन सहज होतात. शोकसभेत तो वाचायचा असेल तर अडीचशे शब्द पुरतात. वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, आणि बोलणारे आणखी असतात.

शेवटचं वाक्य बहुतेकांना अडतं, म्हणून तिथे ‘ईश्वर चिरशांती देवो’ येऊन बसतं. गुरुजी भाविक असतील, घरच्यांना ते हवं असेल, तर ते जरूर असावं. पण किनाऱ्यावर हिंदूंबरोबर ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध शिक्षकही होऊन गेले, सेवादलात वाढलेले आणि देवपूजा न मानणारेही होते. त्यांच्या नावाआधी सवयीने ‘कै.’ लावणं आणि आत्म्याच्या शांतीची प्रार्थना करणं म्हणजे त्यांना न ओळखणंच. घरच्यांना विचारावं, विचारणं शक्य नसेल तर ‘दिवंगत’ लिहावं आणि मजकूर शेवटच्या तपशिलावर थांबवावा. छापायला किंवा वाचायला देण्याआधी तो घरातल्या एकाला दाखवावा. त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर कारण न विचारता काढावी, आणि त्यांनी नवी विशेषणं घालायला सांगितली तर त्यांच्याकडूनच विचारून घ्यावं की गुरुजींना तसं वागताना त्यांनी केव्हा पाहिलं होतं. बहुधा त्या उत्तरात मजकुराला हवी असलेली ओळ मिळते.